अनुभव धागा: गजकर्ण, शाळेला लिहिलेली चिठ्ठी आणि सोबतचा फोटो

माळवद

रद्दी काढताना मुलीची दुसरीच्या वर्गातली डायरी हाती आली आणि तिच्यात चिकटवलेली माझी चिठ्ठी दिसली. मुलगी आता दहावीत आहे, पण त्या आठवड्याची घालमेल जशीच्या तशी आठवली, म्हणून हा धागा काढते आहे. तुमच्या मुलांना गजकर्ण किंवा नायटा झाला तेव्हा तुम्ही शाळेला काय लिहिलेत, फोटो पाठवलात का आणि मूल पुन्हा शाळेत कधी गेले, हे कृपया लिहावे.

माझे सांगते. तिच्या डाव्या हातावर, कोपराच्या जरा खाली, रुपयाच्या नाण्याएवढा गोल चट्टा उठला होता. कड उंच, तांबूस आणि कोंडा सुटल्यासारखी होती, मधली कातडी मात्र जवळजवळ स्वच्छ होती. शनिवारी डॉक्टरांनी पाहताक्षणी गजकर्ण म्हणून सांगितले आणि दिवसातून दोनदा लावायचे मलम दिले. सोमवारी मी डायरीत एवढेच लिहिले की त्वचेच्या किरकोळ तक्रारीवर औषध चालू आहे, आणि वर्गशिक्षिकेच्या फोनवर चट्ट्याचा फोटो पाठवला. तो फोटो मी फोन अगदी हाताला टेकवून, फ्लॅश लावून काढला होता. चौकटभर ते लाल कडेच होते. शेजारी बोट नाही, मनगट नाही, तारीखही नाही. पाहणाऱ्याला तो चट्टा तळहाताएवढा वाटला असला तर त्यात नवल नव्हते.

मधल्या सुट्टीत शाळेतून फोन आला की मुलीला घेऊन जा आणि डाग पूर्ण गेल्यावरच पाठवा. मी रोज सकाळी तिचा हात खिडकीपाशी धरून बघत असे. खाज तिसऱ्या-चौथ्या दिवशी थांबली, कड हळूहळू बसत गेली, पण तपकिरी वर्तुळ काही हलेना. पुढच्या मंगळवारी डॉक्टरांकडे गेले तेव्हा ते म्हणाले, "अहो, ही पहिल्या सोमवारीच शाळेत बसू शकली असती. औषध सुरू झाले होते आणि चट्टा बाहीखाली झाकता येत होता. डाग जायला महिना लागेल, तोवर काय घरी ठेवणार?"

त्या रात्री लिहिलेली दुसरी चिठ्ठी अशी होती:

*मा. वर्गशिक्षिका यांस, स. न. वि. वि. माझ्या मुलीच्या डाव्या हातावर कोपराखाली गजकर्णाचा एक चट्टा आहे. डॉक्टरांनी तपासून गेल्याच्या आधीच्या शनिवारपासून मलम सुरू केले असून आज त्याचा अकरावा दिवस आहे. ते एकूण चार आठवडे लावायचे आहे. सोबत दोन फोटो आहेत: एक मलम लावण्यापूर्वीचा आणि एक आजचा. फिकट वर्तुळ आणखी काही आठवडे दिसत राहील, त्यावरून आजार वाढला किंवा उपचार थांबले असे कृपया समजू नये. उद्यापासून ती पूर्ण बाह्यांचा सदरा घालून येईल आणि तिचा रुमाल व नॅपकिन वेगळा असेल. नवीन चट्टा उठल्यास मी स्वतः कळवीन. फोटो कृपया आपल्यापुरतेच ठेवावेत. आपली नम्र.*

दुसऱ्या फोटोत मी चट्ट्याशेजारी रुपयाचे नाणे ठेवले होते आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा हात उजेडात धरला होता. बुधवारी कोणीही काही विचारले नाही.

शेवग्याची शेंग

अगदी हेच आमच्याकडे झाले, फक्त चट्टा मानेवर होता आणि तो बाहीखाली झाकता येत नव्हता. डॉक्टरांच्या सल्ल्याने मलम लावून त्यावर पातळ गॉज व कागदी पट्टी लावून पाठवत होते. दुपारी घरी आल्यावर पट्टी काढायची, कारण घामाने ओले राहिले की ते आणखी चिडते.

कोकणकडा

माझे मत थोडे वेगळे आहे. कांजिण्यांमध्ये सगळ्या खपल्या धरेपर्यंत आपण मूल घरी ठेवतोच, मग गजकर्णात डाग जाईपर्यंत का ठेवू नये? तो स्पर्शाने पसरतो हे सर्वांना ठाऊक आहे. आमच्या लहानपणी आजी टाकळ्याचा पाला वाटून लावायची आणि चट्टा जाईपर्यंत आमचे अंथरूणसुद्धा वेगळे असायचे.

त्वचेचा वैद्य

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. कोकणकडा यांच्या आजींचे अंथरूण वेगळे करणे अगदी योग्य होते, कारण ही बुरशी टॉवेल, कपडे, कंगवा, अंथरूण यांतून पसरते. पण कांजिण्यांची तुलना इथे लागू होत नाही. कांजिण्या हवेतूनही पसरतात. गजकर्णाला कातडीचा किंवा वस्तूचा संपर्क लागतो आणि मागे राहणारा तपकिरी डाग हा दाहाचा उरलेला रंग असतो, जिवंत बुरशी नव्हे. जिवंत बुरशी बहुतेक त्या उंच, कोंडा सुटणाऱ्या कडेत असते. म्हणून मलमही कडेच्या बाहेर दोनेक सेंटीमीटरपर्यंत, बाहेरून आत असे लावायचे, आणि चट्टा दिसेनासा झाला तरी सांगितलेले दिवस पूर्ण करायचे.

अंगावरच्या चट्ट्यासाठी माझा सल्ला असा असतो की उपचार सुरू झाले आणि चट्टा झाकता आला, तर दुसऱ्या दिवशी वर्गात बसायला हरकत नाही. अंगाला अंग भिडणाऱ्या खेळांचे वेगळे आहे. अमेरिकेतील शालेय कुस्तीच्या नियमांत अंगावरच्या चट्ट्यासाठी उपचाराचे किमान 72 तास आणि डोक्यावरच्या गजकर्णासाठी 14 दिवस पूर्ण व्हावे लागतात. आपल्याकडे तालमीत आणि कबड्डीच्या मैदानावर हा आकडा पाळणारे फार थोडे भेटतात, पण तो धरून चालण्यासारखा आहे.

एक गोष्ट मात्र चिठ्ठीत आवर्जून लिहावी, ती म्हणजे चट्टा कुठे आहे. डोक्यात असेल, केस तुटून जागा उघडी पडली असेल, तर मलमाने भागत नाही. बुरशी केसाच्या मुळाशी असते, तिथवर मलम पोहोचत नाही, आणि कित्येक आठवडे पोटातून औषध घ्यावे लागते. तिथे शाळेत कधी पाठवायचे हे तपासणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे.

दुपारचा चहा

डॉक्टर, मेडिकलवाल्याने आम्हाला एक ट्यूब दिली होती. तिसऱ्या दिवशी खाज गेली, लाली गेली, फोटो इतका छान आला की शाळेने लगेच होकार दिला. ट्यूब बंद केल्यावर दहा दिवसांत पाठीवर चार नवे चट्टे उठले. ही काय भानगड असते?

त्वचेचा वैद्य

त्या ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर स्टिरॉइड असण्याची दाट शक्यता आहे. स्टिरॉइडने लाली आणि खाज झपाट्याने दबते, पण त्या जागेची प्रतिकारशक्तीही दबते आणि बुरशी आरामात पसरते. कड पुसट होते, गोल आकार जातो, मग मलाही नुसत्या डोळ्यांनी ओळखणे कठीण होते आणि कडेचा कोंडा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. गेल्या काही वर्षांत भारतात औषधांना सहज दाद न देणारे गजकर्ण वाढले आहे, त्यामागे अशा मिश्र मलमांचा वापर हे एक कारण मानले जाते. चार चट्टे असतील तर कृपया प्रत्यक्ष दाखवा आणि ट्यूबचे खोकेही सोबत न्या.

दुपारचा चहा

खोके फेकून दिले होते, पण ट्यूब आहे. उद्याच जाते.

लेस्टरची लेक

इथे इंग्लंडमध्ये मुलाला झाले तेव्हा मी फार घाबरले होते. एनएचएसच्या माहितीत स्पष्ट लिहिलेले आहे की उपचार सुरू झाल्यावर मूल शाळेत जाऊ शकते, फक्त शिक्षकांना कळवावे. मी तीन ओळींची ईमेल पाठवली, फोटो मागितलाच नाही. उलट शिक्षिकेने विचारले की घरी मांजर आहे का. होते, आणि त्याच्या कानामागचे केस गेलेले होते. मांजराचे उपचार झाले नसते तर मुलाला पुन्हा झाले असते.

पहिलीचा पालक

माझा मुद्दा थोडा वेगळा आहे. आमच्या मुलाच्या गालावर गोल, पांढुरका डाग आहे, कोंडाही सुटतो, पण कड लाल नाही आणि खाजही नाही. मी वरील नमुन्याची चिठ्ठी देऊ का?

त्वचेचा वैद्य

आधी दाखवून घ्या. तुम्ही केलेले वर्णन गजकर्णापेक्षा लहान मुलांच्या गालावर येणाऱ्या साध्या पांढऱ्या डागांशी अधिक जुळते. तो डाग पसरत नाही, पण फोटोवरून किंवा माझ्या शब्दावरून ठरवू नका. इसबाचे गोल चट्टेही फोटोत हुबेहूब गजकर्णासारखे दिसतात. आपणच शाळेला गजकर्ण लिहून दिले तर मुलाच्या नावावर तो शिक्का विनाकारण बसतो.

वर्गाबाहेरची फळी

मी प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या बाजूनेही सांगावेसे वाटते. फोटो आला की मला तो बघून निर्णय घ्यावा लागतो, आणि मला त्यातले काही कळत नाही. माझ्या हाती उपचार सुरू झाल्याची तारीख आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत आली, तर मी मुख्याध्यापिकांना निश्चिंतपणे सांगू शकते. माझ्या मते फोटो मागूच नये. गेल्या वर्षी एका मुलाचा फोटो दुसऱ्या पालकांपर्यंत पोहोचला आणि त्याच्या बाकावर महिनाभर कोणी बसले नाही. आम्ही तो कोणाला पाठवला नव्हता, तरी तो गेला.

माळवद

बाई, आपले म्हणणे मनाला लागले. तरीही मला वाटते की माझ्या दुसऱ्या चिठ्ठीतल्या दोन फोटोंमुळेच ते पटले. पहिल्यात उंच लाल कड, दुसऱ्यात सपाट तपकिरी वर्तुळ आणि शेजारी नाणे. पण चेहऱ्यावर किंवा कमरेवर चट्टा असता तर मी फोटो दिला असता का, याचे उत्तर आज माझ्यापाशी नाही.

कोकणकडा

डाग आणि बुरशी यांतला फरक मला माहीत नव्हता, तो कळला. पण पोहण्याच्या तलावाचे काय? नातू उन्हाळी वर्गाला जातो आणि तिथे सगळ्यांचे टॉवेल एकाच दांडीवर असतात.

शेवग्याची शेंग

आमच्या तलावावर चट्टा पूर्ण बरा होईपर्यंत येऊ देत नाहीत, पट्टी लावूनही नाही. टॉवेल मात्र पिशवीतच ठेवायला सांगा, दांडीवर अजिबात नको.

त्वचेचा वैद्य

पाण्यापेक्षा मला ओल्या फरशीची आणि त्या दांडीची काळजी अधिक वाटते. पट्टी पाण्यात टिकत नाही, त्यामुळे ओला, उघडा चट्टा घेऊन तिथे जाऊ नये असे मी सांगतो. किती दिवस, याबाबत माझे सहकारी वेगवेगळे सांगतात.

दुपारचा चहा

दाखवून आले. ट्यूबमध्ये स्टिरॉइडच निघाले. कोंडा तपासायला दिला आहे, आणि नव्याने मलम व गोळ्या मिळून सहा आठवडे सांगितले आहेत. घरातल्या सगळ्यांचे टॉवेल आणि चादरी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळत घातल्या. शाळेला आज चिठ्ठी लिहिली, त्यात या वेळी आधीची ट्यूब बंद केल्याची तारीख आणि नवे औषध सुरू केल्याची तारीख अशा दोन्ही घातल्या, कारण ट्यूब सोडल्यावर पहिले काही दिवस लाली वाढलेली दिसेल असे डॉक्टर म्हणाले आहेत.