अनुभव धागा: "साहेब म्हणाले, आकडा वाढवून लिही, तर काय कराल?"

शहापूरचा_माग
काल भाची मुलाखत देऊन आली. मायक्रोफायनान्समधली फील्डची नोकरी. तिला विचारलं, "महिनाअखेर आहे, टार्गेटला एक कर्ज कमी पडतंय, मॅनेजर म्हणतात कर्ज मागणाऱ्या बाईच्या घरचं उत्पन्न थोडं वाढवून लिही. काय कराल?" २०२३ साली मलाही हेच विचारलं होतं, म्हणून सगळं आठवलं.

मी ताडकन म्हणालो, "हेड ऑफिसला तक्रार करीन." समोरच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "आधी त्या बाईचं उत्पन्न किती ते तरी विचारा." त्या वाक्यावर मी आडवा झालो. नोकरी नाही मिळाली. तुम्ही काय सांगितलंत? खरं खरं लिहा.

निपाणी_१९
मी सात वर्षं हेच काम केलंय. मला विचारलं तेव्हा मी आकडे मांडून उत्तर दिलं, तेच सांगते.

समजा बिड्या वळणारी बाई आहे, नवरा हमाल, घरचं उत्पन्न महिना १२,०००. सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून निम्म्याच्या वर जाता कामा नयेत, म्हणजे ६,०००. जुने हप्ते ३,८०० चालू आहेत. उरले २,२००. तिला हवेत ५०,०००. दोन वर्षं, घटत्या शिलकीवर २४ टक्के धरले तर हप्ता साधारण २,६४० येतो. २,२०० मध्ये बसत नाही. साहेब म्हणणार, १३,००० लिही की, हजाराचा तर प्रश्न!

मी म्हटलं, पहिल्यांदा मी परत तिच्या घरी जाईन. म्हैस आहे का, डेअरीला दूध घालते का, आपण विचारायचं राहिलं का? असेल तर डेअरीचं पासबुक बघून तेवढंच लिहीन. नसेल तर ४०,००० चं कर्ज सुचवीन, हप्ता २,११५ च्या आसपास, नियमात बसतो. साहेबांना सांगीन, टार्गेटमध्ये १०,००० कमी पडले तरी कर्ज झालं.

गोकाक_रोड
सासूची पेन्शन धरली तर उत्पन्न वाढतंय की. आमच्याकडं सगळे तसंच करतात.

निपाणी_१९
दादा, तिथंच फसतात माणसं. घर म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं. सासू एका चुलीवर जेवत असली तरी तिची पेन्शन धरायची नाही. आणि हा आकडा क्रेडिट ब्युरोला जातो. दुसऱ्या संस्थेनं सहा महिन्यांपूर्वी १२,००० कळवलेत आणि आपण १३,००० लिहिले, तर फरक का पडला ते बाईला विचारून घ्यावं लागतं. ऑडिटवाला तिथंच बोट ठेवतो.

खानापूर_पाऊस
मुलाखत कन्नडमध्ये होती का मराठीत? माझा पोरगा पण देणार आहे, कन्नड बोलतोय पण घाबरला की अडखळतोय.

शहापूरचा_माग
@खानापूर_पाऊस दोन्ही. भाची म्हणाली, नियमाचं कन्नडमध्ये विचारलं, घरचं मराठीत. पोराला म्हणावं, सावकाश बोल.

उद्यमबाग_शिफ्ट२
माझं कर्जाचं नाही, फाउंड्रीचं आहे. क्वालिटीच्या मुलाखतीला विचारलं, "गेटवर ट्रक उभा आहे, ५० कास्टिंग पैकी ५ चीच हार्डनेस बघून झालीय, साहेब म्हणतात ५० चा रिपोर्ट भर." मी म्हटलं, जेवढे नग तपासून झालेत तेवढे आजच्या ट्रकात. बाकीच्यांसाठी गिऱ्हाइकाला फोन करून लेखी विचारा, पाचांवर माल घेणार का. घेतो म्हणाला तर रिपोर्टवर ५ च लिहीन. त्यांनी पुढं विचारलं, "साहेबांनी तुझ्या सहीनं स्वतःच भरला तर?" तिथं माझी दातखीळ बसली. अजून उत्तर सापडलं नाही.

निपाणी_१९
आमच्यातही हाच डाव असतो, लॉगिन मागतात. "तू चहा पिऊन ये, मी करतो." मी म्हटलं, पासवर्ड देणार नाही. तरीही झालं तर त्याच दिवशी साहेबांनाच मेल करीन: "अमुक अर्जात मी १२,००० भरले होते, आता १३,००० दिसतात, दुरुस्त करावं." आधी साहेबांना. दोन दिवसांत हललं नाही तर त्यांच्या वरच्यांना.

चिकोडीची_आक्का
मी कर्ज घेणारीच्या बाजूनं लिहिते. माझ्या जावेच्या अर्जात असंच वाढवून लिहिलेलं. तिला तेव्हा बरं वाटलं, जास्त मिळालं म्हणून. पाचव्या महिन्यात पावसानं काम बंद, मीटिंगला जायची भीती वाटायची, दार लावून आत बसायची. गळ्यातलं मोडलं शेवटी. तो हजार रुपयांचा आकडा कुणी लिहिला ते तिला आजही माहीत नाही.

गोकाक_रोड
आक्का, वाईट वाटलं वाचून. सासूच्या पेन्शनचं मला खरंच माहीत नव्हतं.

पण एक विचारतो. प्रोबेशनवर असलेल्या पोरानं वरच्यांना मेल केला तर नोकरी राहते काय?

निपाणी_१९
माझी राहिली. माझ्याबरोबरच्या एकाची बदली झाली, तीन महिन्यांत त्यानं सोडली. त्यामुळं राहतेच असं मी सांगणार नाही.

शहापूरचा_माग
भाचीला हे सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, म्हशीचं तिनंही विचारलं होतं. निकाल सोमवारी.