'समतुल्य वार्षिकी', 'वर्षासन' की 'वर्षाकाठी सुटणारी रक्कम'?

अनुवादिका
वाणिज्याच्या एका पाठाचा अनुवाद करताना मी 'इक्विव्हॅलंट ॲन्युअल ॲन्युइटी' या संज्ञेपाशी अडले आहे. मी 'समतुल्य वार्षिकी' असे लिहिले होते. संपादकांनी ते खोडून 'वार्षिक सरासरी नफा' असे केले आणि समासात 'वार्षिकी म्हणजे वार्षिक अंक' असा शेराही मारला.

पाठातील उदाहरण तेलघाण्याचे आहे. जागा एकाच यंत्रापुरती असल्याने दोन यंत्रांपैकी एकच घेता येते. पहिले 3 लाखांचे असून 3 वर्षे चालते आणि दरवर्षी खर्च वजा जाता 1,50,000 रुपये देते. दुसरे 5 लाखांचे असून 6 वर्षे चालते आणि दरवर्षी 1,40,000 रुपये देते. व्याजाचा दर द.सा.द.शे. 10 धरला आहे. पुढे मिळणाऱ्या रकमांच्या आजच्या किमतीतून यंत्राची किंमत वजा केली की उरणारे निव्वळ वर्तमान मूल्य पहिल्याचे 73,028 आणि दुसऱ्याचे 1,09,736 रुपये येते, तरीही पाठ पहिले यंत्र निवडायला सांगतो. या निवडीमागच्या आकड्याला मराठीत काय म्हणावे?

जुनी बखर
आपल्याकडे 'वर्षासन' हा घडवलेला शब्द असताना 'वार्षिकी' कशाला हवी? पेशवाईत देवस्थानांना आणि विद्वानांना दरसाल ठरलेली रक्कम मिळत असे, ती वर्षासन. मुळात हा शब्द 'वर्ष' आणि 'अशन' मिळून झाला असावा, म्हणजे वर्षभराच्या अन्नाची तजवीज. 'समवर्षासन' असा शब्द केला, तर तो अर्थही देतो आणि कानालाही मराठी वाटतो.

सेवानिवृत्त
मी स्वतः विमा कंपनीकडून वार्षिकी घेतली आहे. तीत एकदा पैसे भरले की हयातभर ठरलेली रक्कम मिळत राहते. यंत्र पेन्शन देत नाही, त्यामुळे येथे वार्षिकी हा शब्दच चुकीचा आहे असे माझे मत आहे. पन्नाशीनंतर अशा यंत्रात पैसे घालण्यापेक्षा पेन्शन बरी, हेही जाता जाता सांगतो.

ताळेबंद
सेवानिवृत्त, आपल्या पेन्शनमध्ये जे घडते तेच येथे घडते. तुम्ही एकरकमी पैसे देता आणि ती रक्कम वर्षांवर समान हप्त्यांत पसरली जाते. येथे यंत्रापासून मिळणारे आजच्या किमतीचे 73,028 रुपये तीन वर्षांवर पसरायचे आहेत, पण 10 टक्के व्याज सांभाळून. गृहकर्जाचा हप्ता याच हिशेबाने निघतो. संगणकावरील तक्त्यात ही दोन सूत्रे घालून पाहा.

```
=PMT(10%,3,-73028)
=PMT(10%,6,-109736)
```

पहिले उत्तर 29,366 आणि दुसरे 25,196 येईल. दुसऱ्या यंत्राचे एकूण मूल्य मोठे दिसते, कारण ते सहा वर्षांत मिळवलेले आहे. पहिले यंत्र तीन वर्षांनी मोकळे होते आणि त्याच्या जागी तसेच दुसरे बसवता येते. ते बसवले, तर सहा वर्षांचे मूल्य 73,028 आणि तीन वर्षांनंतरच्या 73,028 ची आजची किंमत 54,867 मिळून 1,27,895 होते. 1,09,736 शी तुलना याची करायची.

सोपे मराठी
मला तर संपादकांचे म्हणणे पटते. मूल्याला वर्षांनी भागले, तर पहिल्याचे 24,343 आणि दुसऱ्याचे 18,289 येतात. निवड तीच होते आणि सूत्रही लागत नाही. ज्या शब्दासाठी वाचकाला कोश उघडावा लागतो, तो शब्द कशाला वापरायचा?

ताळेबंद
निवड येथे योगायोगाने जुळली आहे. दुसरे यंत्र वर्षाला 1,40,000 ऐवजी 1,45,000 देते असे धरा. त्याचे मूल्य 1,31,513 होईल. सहाने भागले तर 21,919 येतात, म्हणजे तुमच्या सरासरीने अजूनही पहिलेच यंत्र पुढे राहील. व्याज धरून पसरले तर मात्र 30,196 येतात, आणि दुसरे यंत्र वरचढ ठरते. नुसत्या भागाकारात सहाव्या वर्षीचा रुपया आजच्या रुपयाइतकाच मोलाचा धरला जातो, त्यामुळे दीर्घायुषी यंत्रावर अन्याय होतो. 'सरासरी' हा शब्द छापला, तर विद्यार्थी भागाकारच करील.

जुनी बखर
म्हणजे 'सरासरी' गेली. 'वर्षासन' अजून उभे आहे.

शब्दवेडा
बखरकाका, तेही डळमळीत आहे. वर्षासन पिढ्यान्‌पिढ्या चालत असे, येथे मुदत तीन किंवा सहा वर्षांची आहे. शिवाय वर्षासन कोणीतरी कृपेने देत असे. घाणा कोणावर कृपा करीत नाही. या निमित्ताने दुसरी शंका विचारतो. पाठात या दोन यंत्रांना 'परस्परविरोधी' म्हटले आहे का? तसे असेल तर ते आधी बदला. यंत्रांचे एकमेकांशी वैर नाही. एक घेतले की दुसरे बाद होते, एवढेच. 'परस्पर अपवर्जक' हा शब्द अचूक असला, तरी उच्चारताना जीभ अडखळते.

ताळेबंद
मुदतीचा आक्षेप मला तितका पटत नाही. 29,366 आणि 25,196 यांची थेट तुलना करताना आपण प्रत्येक यंत्र संपल्यावर तसेच, त्याच किमतीचे यंत्र पुन्हा घेतले जाईल असे गृहीत धरतो. हे चक्र कायम चालू राहील असे धरले, तर पिढ्यान्‌पिढ्याचे वर्षासन त्या गृहीताला बऱ्यापैकी शोभते. मला शब्दापेक्षा हे गृहीतच जास्त खटकते.

गिरणीवाले
मी पिठाची गिरणी चालवतो, त्यामुळे या गृहीताबद्दल बोलण्याचा मला अधिकार आहे. मागच्या वेळी मोटर बदलताना आधीच्या भावात कोणीच दिली नाही. तुमच्या पाठातील घाणा तीन वर्षांनी पुन्हा 3 लाखांतच मिळेल, हे कोणी ठरवले? आमच्यात 'वर्षाला किती सुटतात' असे विचारतात, मला तोच शब्द पुरेसा वाटतो.

ताळेबंद
तुम्ही नेमके दुखरे ठिकाण दाखवले. मिळकत तेवढीच राहून तीन वर्षांनी यंत्र 3,50,000 ला मिळाले, तर दुसऱ्या फेरीचे मूल्य 23,028 उरते. त्याची आजची किंमत 17,301 आणि एकूण बेरीज 90,329 होते, म्हणजे 1,09,736 देणारे सहा वर्षांचे यंत्र जिंकते. माझ्या हिशेबाने भाव सुमारे 24,000 रुपयांनी वाढला की निकाल फिरतो. तीन वर्षांत 8 टक्के वाढ म्हणजे काही आक्रीत नव्हे. तेलाचा दरही त्याच चालीने वाढला, तर चित्र पुन्हा बदलेल. त्यामुळे भाव बदलणार असतील, तेव्हा वार्षिकी बाजूला ठेवून सहा वर्षांचा वर्षवार तक्ता मांडावा, असे मी सांगेन.

सोपे मराठी
'सुटणे' हे क्रियापद मला आवडले. 'वर्षाकाठी सुटणारी समान रक्कम' असे लिहिले, तर विद्यार्थी भागाकार करणार नाही, कारण 'समान' आणि 'सरासरी' यांतला फरक त्याला दिसेल.

शब्दवेडा
तो शब्द नव्हे, वाक्य झाले. परीक्षेत पाच वेळा लिहायचे असेल, तर मुले त्याचे आद्याक्षर करतील, आणि मग मराठी कुठे राहिली?

अनुवादिका
'सरासरी' काढून टाकण्यासाठी मला 1,45,000 चे उदाहरण मिळाले, त्याबद्दल ताळेबंद यांचे आभार. संपादकांना ते पाठवले. त्यांनी 'सरासरी' मागे घेतली आहे, मात्र 'वार्षिकी'वरचा आक्षेप कायम ठेवला आहे.

गिरणीवाले
शब्दाचे तुम्ही ठरवा. माझी अडचण वेगळी आहे. माझ्या गाळ्याचा करार तीनच वर्षांचा आहे, त्यानंतर मला तेथे कोणतेच यंत्र बसवायचे नाही. अशा वेळी सहा वर्षांच्या यंत्राचे तीन वर्षांनी मोडीत किती येतील, हे कोणत्या खान्यात धरायचे?

ताळेबंद
तिसऱ्या वर्षाच्या मिळकतीत धरा, आणि दोन्ही यंत्रे तीनच वर्षांची समजून निव्वळ वर्तमान मूल्यांचीच तुलना करा. तुमच्या प्रकरणात वार्षिकी लागतच नाही.

जुनी बखर
वर्षासनाला मात्र अजून कोणी समाधानकारक पर्याय दिलेला नाही.