वेदनाशामक गोळी भाकरीनंतर घेतली तरी जठरात व्रण का होतो?

«आई ६८ वर्षांची, सोलापूरलाच असते. गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक ५० दोनदा, हृदयासाठी ॲस्पिरिन ७५. गोळी भाकरी खाऊनच घेते, पॅन्टोप्राझोल ४० झोपताना. एवढं पुरेसं आहे ना?»

नाही. भाकरीनं फार तर जळजळ कमी होते. जठराचं अस्तर जपणारी प्रोस्टाग्लँडिन्स डायक्लोफेनॅक रक्तातून जाऊन घटवतं, म्हणून त्याच्या इंजेक्शननंही व्रण होतो. त्यात ॲस्पिरिनची भर.

पॅन्टोप्राझोल आम्ल कमी करून अस्तराला वाचवतं. आम्ल सोडणारे पंप जेवताना जागे होतात आणि ते जागे असतानाच औषध त्यांना पकडतं. म्हणून ते सकाळी नाश्त्याआधी अर्धा तास, रोज. दुखेल त्या दिवशीच नव्हे. मात्र हे संरक्षण जठर आणि त्यालगतच्या आतड्यापुरतंच, पुढच्या लहान आतड्याला नाही. तिथून नकळत रक्त जाऊ शकतं, म्हणून हिमोग्लोबिन अधूनमधून तपासा.

खरं तर हृदयविकारात डायक्लोफेनॅकच नको. गुडघ्यावर त्याचं जेल चालेल का, डॉक्टरांना याच आठवड्यात विचारा. ॲस्पिरिन मात्र परस्पर बंद करू नका.

वेदनाशामकामुळे व्रण दुखतोच असं नाही. डांबरासारखी काळी, चिकट शौच किंवा चक्कर आली, तर थेट इस्पितळ गाठा. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण ती सहसा अशी चिकट आणि उग्र वासाची नसते.