'बॅकट्रॅकिंग'ला मराठीत काय म्हणावं? माघार, परतणं की उसवणं?

घाटमाथा: भाचीसाठी सुडोकू सोडवणाऱ्या प्रोग्रॅमवर टिपण लिहितोय. प्रोग्रॅम रिकाम्या घरात एक अंक भरून पुढे जातो, अडला की तो पुसून दुसरा भरतो. याला 'माघार' लिहिलं आणि 'कॅन्डिडेट'ला 'उमेदवार'. घर निवडायचा नियम झाला 'सर्वांत कमी उमेदवार असलेलं घर आधी'. वाचून पाहिलं तर ग्रामपंचायतीची निवडणूक झाली!

तळटीप: उमेदवार काढा, 'शक्य अंक' लिहा. 'घर' मात्र ठेवा, बुद्धिबळात ते आहेच. 'चौकट' म्हटलं की एक घर की नऊ घरांचा चौरस, हा घोळ होतो.

रिकामटेकडा: 'सर्वांत कमी शक्य अंक असलेलं घर आधी' म्हणजे १ पासून भरत जायचं ना? माझा तसाच आहे, चालतो.

तळटीप: चालेल, पण ते वेगळं. इथे लहान अंक नव्हे, पर्याय थोडे असलेलं घर शोधायचं. समजा, एका घराच्या ओळीत १, ४, ६, ८ आहेत, स्तंभात २, ५, ८ आणि चौरसात ४, ९. उरले ३ आणि ७. दुसऱ्या घरात पाच अंक शक्य आहेत. पहिल्यात दोनपैकी एक चुकेल, दुसऱ्यात पाचपैकी चार. म्हणून दोनवालं आधी. पण चूक वाक्याचीच आहे, ते दोन्ही अर्थांनी वाचता येतं. 'सर्वांत अडलेलं घर आधी' कसं वाटतं?

दोन सुया: मला प्रोग्रॅमिंग येत नाही, पण स्वेटर विणताना टाका चुकला की आम्ही तिथपर्यंत उसवतो आणि पुन्हा विणतो. मग 'उसवणं' का नको?

तळटीप: सुरेख! एक फरक आहे. तुम्हाला चुकलेला टाका दिसतो. हा प्रोग्रॅम आंधळा, शेवटचा टाका आधी उसवतो, मग त्याच्या आधीचा. थेट चुकीपाशी उडी मारणाऱ्या पद्धतीही आहेत, त्या वेगळ्या.

घाटमाथा: माझा प्रोग्रॅम कधी उसवतच नाही. 'सुटलं' सांगतो आणि एखादं घर रिकामंच. घर निवडताना असं लिहिलंय, `n` म्हणजे त्या घरात किती अंक शक्य आहेत आणि `best` म्हणजे आतापर्यंत सापडलेला सर्वांत लहान `n`:

```python
if grid[r][c] == 0 and 0 < n < best:
```

तळटीप: `0 <` काढा. ज्या घरात एकही अंक शक्य नाही तेच सर्वांत अडलेलं. तुम्ही ते वगळता, बाकीची भरत जाता, शेवटी निवडायला घर उरत नाही आणि प्रोग्रॅमला वाटतं काम झालं. शून्यवालं घर निवडलं गेलं की भरायला काही नसतं, तो आपोआप मागे वळतो.

रिकामटेकडा: मग 'मागे वळणं'च म्हणा की. उसवणं बायकी वाटतं.

दोन सुया: शिंपी पुरुषच असतो की हो आमच्या गल्लीत.

तळटीप: 'मागे वळणं' चुकीचं नाही, पण त्यात भरलेला अंक पुसणं येत नाही. तेच विसरलं की प्रोग्रॅम बिघडतो. 'उसवणं'मध्ये ते आलंच.

घाटमाथा: `0 <` काढलं, सुटलं. भाचीला 'उसवणं' वाचून दाखवलं, तर म्हणाली, म्हणजे काय?

दोन सुया: गणवेशाची शिवण उसवली की कळेल तिला.