मदत हवी आहे: सातवा महिना, स्वाइन फ्लूचा संशय. गोळी आजच सुरू करू की रिपोर्टची वाट पाहू?

निखिल_नाशिक | गुरुवार, रात्री ९:४०

बायकोला २९ वा आठवडा सुरू आहे. मंगळवारी रात्री आठच्या सुमारास थंडी वाजून ताप आला, काल दिवसभर १०२ होता. घसा दुखतोय, कोरडा खोकला आहे, अंग ठणकतंय. आज दुपारी डॉक्टरांनी घशाचा स्वॅब घेतला. रिपोर्ट शनिवारी येणार. त्यांनी ऑसेल्टामिविर ७५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ पाच दिवस लिहून दिलंय. औषध आणलंय, पण पाकीट अजून फोडलेलं नाही.

आईचं म्हणणं आहे की पोटात बाळ असताना इतकं जहाल औषध खात्री झाल्याशिवाय घेऊ नये. बायकोही घाबरली आहे. त्यात आज संध्याकाळपासून तीन वर्षांच्या मुलाचं अंगही गरम लागतंय, नाक वाहतंय. डॉक्टरांचा फोन आता लागत नाहीये. काय करू?

अंजली_दे | रात्री ९:५२

आम्ही पुण्याचे. २००९ मध्ये माझी मोठी मुलगी दोन वर्षांची होती, आणि नायडू हॉस्पिटलबाहेरच्या रांगेत मी तिला कडेवर घेऊन चार तास उभी होते. तेव्हा तपासणी झाल्याशिवाय काही मिळतच नव्हतं. त्यामुळे रिपोर्टशिवाय गोळी देतात हेच मला नवीन आहे. आधी पक्कं कळू दे, असं मी म्हणेन.

सागर७७ | रात्री १०:०५

हे औषध ४८ तासांच्या आत घेतलं तरच लागू पडतं. मंगळवारी आठ ते आज दहा, म्हणजे ५० तास झाले. आता घेऊन फक्त उलट्या होतील. त्यापेक्षा अॅझिथ्रोमायसिन सुरू करा, माझ्या भावाला त्यानेच गुण आला.

सुमेधा_क | रात्री १०:२०

निखिल, मी प्रसूतितज्ज्ञ आहे. डॉक्टरांनी लिहून दिलंच आहे तर पहिली कॅप्सूल आत्ताच द्या, जेवणानंतर. रिकाम्या पोटी मळमळ जास्त होते.

सागर, ४८ तासांची गोष्ट अर्धी खरी आहे. हे औषध विषाणूला एका पेशीतून सुटून दुसरीकडे पसरू देत नाही, म्हणून जितकं लवकर तितका फायदा जास्त. तब्येतीने ठणठणीत माणसाला तिसऱ्या दिवशी ते दिलं नाही तरी चालतं. गरोदर बाई, पाच वर्षांखालचं मूल आणि अवघड झालेला रुग्ण यांना मात्र उशीर झाला तरी देतात, कारण त्यांचा आजार छातीत उतरण्याची भीती जास्त. अॅझिथ्रोमायसिन जिवाणूंवरचं आहे, फ्लूच्या विषाणूवर ते काही करत नाही.

अंजलीताई, तुमचा अनुभव खरा आहे, पण नंतरच्या सरकारी सूचनांत ताप-खोकला असलेल्या गर्भवतीला आणि लहान मुलाला तपासणीशिवायही हे औषध सुरू करायला सांगितलं आहे. स्वॅब मुख्यतः दाखल करायची वेळ आलेल्यांसाठी. आणि झटपट किट निगेटिव्ह आलं म्हणून फ्लू नाही असं ठरत नाही.

आईंना सांगा की हे औषध इतक्या वर्षांत पुष्कळ गर्भवतींना दिलं गेलंय आणि त्यातून बाळात व्यंग वाढल्याचं दिसलेलं नाही. धोका आहे तो न्यूमोनियाचा. सातव्या महिन्यात गर्भाशय छातीचा पडदा वर ढकलतं, फुप्फुसाला हलायला जागा कमी उरते. आईचा ऑक्सिजन खाली गेला की बाळाचाही जातो. तापासाठी पॅरासिटामॉल द्या, आयबुप्रोफेन या दिवसांत नको.

निखिल_नाशिक | रात्री १०:४१

गोळी दिली. पण एक कळत नाही. तिला महिनाभर जिना चढताना धाप लागतेच. मग आजाराची धाप ओळखायची कशी?

सुमेधा_क | रात्री १०:५८

गरोदरपणातली धाप हळूहळू, आठवड्यांत वाढते. चढल्यावर लागते, बसलं की थांबते, आणि श्वासांची संख्या फारशी वाढत नाही. त्यामुळे संख्या मोजा. ती शांत बसलेली असताना, तिला न सांगता, पूर्ण एक मिनिट. विसाच्या आत असेल तर ठीक. २४ च्या वर जात असेल, बोलताना वाक्य मध्येच तुटत असेल, छातीत दुखत असेल, थुंकीत रक्त दिसलं, ती गुंगल्यासारखी वाटली किंवा बाळाची हालचाल कमी झाली, तर सकाळची वाट पाहू नका. ऑक्सिमीटर असेल तर नेलपॉलिश पुसून लावा. गरोदर बाईचा आकडा ९५ च्या खाली आला की निघायचं.

ताप उतरून बरं वाटतंय असं म्हणेपर्यंत पुन्हा चढला, तर तेही वाईट लक्षण समजा.

मुलाचं वजन किती? त्याच्या बालरोगतज्ज्ञांना सकाळीच दाखवा. पंधरा किलोच्या आत साधारण ३० मिलिग्रॅम दोन वेळा देतात. सिरपच्या बाटलीवर एका मिलिलिटरमध्ये १२ मिलिग्रॅम लिहिलेलं असेल तर ते अडीच मिलिलिटर होतं, पण तुमच्या बाटलीवरचा आकडा वाचून डॉक्टरांकडून खात्री करून घ्या. अॅस्पिरिन असलेलं काहीही देऊ नका. त्याचे श्वास तो झोपलेला असताना सदरा वर करून मोजा. त्याच्या वयाला ४० च्या वर म्हणजे जास्त. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतोय का, पाणी पितोय का, लघवी होतेय का, हे पाहा.

विद्या_मनोहर | शुक्रवार, सकाळी ७:१५

तुळस, आलं, गूळ यांचा काढा दिवसातून चार वेळा द्या. आमच्याकडे त्यानेच सगळे बरे झाले.

निखिल_नाशिक | शुक्रवार, दुपारी १:१०

विद्याताई, घोट-दोन घोट देतोय, पण गोळीही चालू आहे. मुलगा १३ किलो. डॉक्टरांनी सिरप दिलं, त्याने पहिला डोस पाच मिनिटांत उलटून टाकला. फोन केला, त्यांनी तोच डोस पुन्हा द्यायला सांगितला. गुळाच्या पाकात कालवून दिला, राहिला. झोपेत त्याचे श्वास ३२.

निखिल_नाशिक | शनिवार, रात्री ११:३०

काल रात्रीपासून बायकोचा ताप उतरला होता. आम्ही निश्चिंत झालो. आज संध्याकाळी सहाला ती मला म्हणाली, "जरा उशी उंच दे", आणि एवढं बोलताना मध्ये थांबली. मोजले तर २८. ऑक्सिमीटर ९३. रिपोर्ट तासाभरापूर्वीच आला होता, एच१एन१ पॉझिटिव्ह. सरळ हॉस्पिटलला आणलं. पोटावर शिशाचं आवरण घालून एक्स-रे काढला, डाव्या बाजूला खाली डाग आहे. ऑक्सिजन लावल्यावर आकडा ९७. बाळाचे ठोके चांगले आहेत. कॅप्सूल चालूच ठेवली आहे.

आकडे मोजायला सांगितले नसते तर मी "ताप गेला" म्हणून झोपलो असतो.

सागर७७ | रविवार, सकाळी ८:२०

माझं चुकीचं होतं. वहिनींची काळजी घ्या.

सुमेधा_क | रविवार, सकाळी ९:०५

वेळेत नेलंत. दाखल रुग्णाला पाच दिवसांपुढेही औषध चालू ठेवावं लागतं कधी कधी, ते तिथले डॉक्टर ठरवतील.

निखिल_नाशिक | मंगळवार, संध्याकाळी ७:००

आज ऑक्सिजनशिवाय ९६. उद्या बहुतेक सोडतील. मुलगा खेळतोय, त्याचा एकच डोस राहिलाय, तो पूर्ण करणार.

आता प्रश्न आईचा आहे. ती ६६ वर्षांची, मधुमेह आहे, आणि सगळा आठवडा तिनेच नातवाला सांभाळलं. इथले डॉक्टर म्हणतात लक्षणं नसतानाही रोज एक कॅप्सूल दहा दिवस द्या. आमचे फॅमिली डॉक्टर म्हणतात नको, फक्त लक्ष ठेवा, अंग गरम लागलं की त्याच तासाला सुरू करा. तुमच्याकडे कोणी काय केलं होतं?

अंजली_दे | मंगळवार, संध्याकाळी ७:३५

माझ्या सासूबाईंना दिली होती, सहा दिवसांनी मळमळीने बंद केली. त्यांना फ्लू झाला नाही, पण तो गोळीने टळला की होणारच नव्हता, हे मला सांगता येणार नाही.