मदत हवी आहे: रेकॉर्डिंगमध्ये बारीक शिट्टी, मधूनच टकटक. स्पेक्ट्रोग्राम वाचता येत नाही

कृष्णाकाठ_सांगली:
मावशीचे अभंग रेकॉर्ड करतोय. हेडफोन लावला की मागे एक बारीक शिट्टी सतत ऐकू येते, आणि मधूनच टकटकटक. ऑडॅसिटीत स्पेक्ट्रोग्राम लावून बघितला. आडव्या रेघा आहेत, वर जाईल तशी त्यांची दाटी होते. कशाच्या आहेत? रविवारी तिच्या मंडळाला पाठवायचंय, त्यामुळे लवकर सांगा. 'नवीन माइक घ्या' सोडून काहीही चालेल.

वाळव्याचा_पाटील:
माइक कुठला? लॅपटॉपला थेट की मधे काही आहे? मोबाइलवर तर नाही ना केलं? काहीच लिहिलं नाहीस की भावा.

कृष्णाकाठ_सांगली:
माइक मिक्सरला, मिक्सर यूएसबी कार्डाला, कार्ड लॅपटॉपला. नेहमीचंच.

सुगरण_विश्रामबाग:
मिक्सर चालू ठेवून रेकॉर्डिंग कशाला करता? आणि शिट्टी कुकरची नाही ना? आमच्याकडे शेजारच्यांचा कुकर सकाळी नऊला हमखास ऐकू येतो.

वाळव्याचा_पाटील:
ताई, तो चटणीचा मिक्सर नव्हे, आवाजाचा.

अर्थिंग_भाऊ:
सरळ अर्थचा लूप आहे हा. लाइटीचा हम, ५० हर्ट्झ. लॅपटॉपच्या चार्जरची जाड पिन काढून टाक, दोन मिनिटांत गप्प होईल. मी मंडपात कायम हेच करतो.

रेघ_बघणारा:
पिन अजिबात काढू नका. चार्जर लीक झाला तर लॅपटॉपला किंवा त्याला जोडलेल्या वस्तूंना हात लावणाऱ्या मावशींना झटका बसू शकतो. लूपचा अंदाज चुकीचा नाही, पण हा हम नाही. हम असता तर रेघा अगदी तळाला, ५०, १००, १५० अशा असत्या, आणि घुंग्ग असा आवाज आला असता. शिट्टी कुठून येणार?

कृष्णाकाठ, आधी चित्र नीट लावा. ट्रॅकच्या मेनूत `Spectrogram Settings` उघडा. `Scale` बहुतेक `Mel` असेल. त्यावर वरच्या भागातलं अंतर आकसतं, म्हणून सारख्या अंतरावरच्या रेघांचीही वर दाटी वाटते. ते `Linear` करा. मग `Window Size` 16384 करा. मावशी गात नाहीत असा मधला शांत तुकडा निवडून `Analyze` मधलं `Plot Spectrum` उघडा, तिथेही `Size` 16384 ठेवा आणि प्रत्येक सुळक्यावर कर्सर नेऊन `Peak` काय येतो ते लिहून टाका. अंदाज नको, आकडे हवेत.

तंबोरा_मिरज:
इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावलाय का? त्याची धातूसारखी किणकिण वर जाते, तीच शिट्टी असणार. आमच्या मिरजेचा भोपळ्याचा तानपुरा लावला असता तर ही वेळ आली नसती. आजकाल सगळ्यांना बटणवाला हवा.

कृष्णाकाठ_सांगली:
तानपुरा बटणवालाच आहे, पण तो बंद असतानाही शिट्टी आहे. आकडे: १०००, २०००, ३०००, ४०००, असे १२००० पर्यंत. ८००० ची सगळ्यांत ठळक. इकडे-तिकडे दोन-तीन हर्ट्झचा फरक. आता काय?

रेघ_बघणारा:
आता सगळं कळलं. ४४१०० च्या रेकॉर्डिंगमध्ये १६३८४ च्या खिडकीत एकेक घर जेमतेम २.७ हर्ट्झचं असतं, म्हणजे तो फरक मोजण्यातला आहे. मावशींच्या आवाजाच्या रेघा बघा, मींड घेतली की सगळ्या एकत्र वाकतात, सूर बदलला की सरकतात. तानपुऱ्याच्या सुरावरून अशा अचूक हजाराच्या पट्ट्या पडणं अवघड. तुमच्या रेघा फुटपट्टीने ओढल्यासारख्या सरळ आहेत. यूएसबी दर मिलीसेकंदाला एक फ्रेम पाठवतं, सेकंदाला हजार. हायस्पीड कार्ड असेल तर त्या मिलीसेकंदाचे आठ भाग होतात, म्हणून ८००० जोरात असू शकते. तुम्ही लॅपटॉपच्या डेटाची धडपड ऐकताय.

दोन चाचण्या करा. मिक्सरवरचा माइकचा फेडर पूर्ण खाली करून अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. मग फेडर तसाच ठेवून लॅपटॉपचा चार्जर काढा, बॅटरीवर अर्धा मिनिट. टकटकही लक्षात ठेवा, ती दोन्हींत आहे का ते सांगा.

वाळव्याचा_पाटील:
हे सगळं कशाला? एकेका आकड्यावर नॉच फिल्टर लाव, बारा फिल्टर, संपलं.

रेघ_बघणारा:
लावा की. पण मूळ तसंच राहील आणि पुढच्या अभंगाला परत बारा लावत बसाल.

कृष्णाकाठ_सांगली:
फेडर खाली: शिट्टी आहे, टकटक नाही. चार्जर काढला: रेघा जवळजवळ पुसल्या, ८००० ची पुसट उरली. पण मावशी दोन तास गाते, बॅटरी तासभरच टिकते.

रेघ_बघणारा:
फेडर खाली असूनही शिट्टी येते, म्हणजे ती माइकच्या बाजूने येत नाही, फेडरच्या पुढे कुठेतरी घुसते. चार्जर काढल्यावर जाते, म्हणजे तिचा रस्ता चार्जरच्या अर्थमधून. लॅपटॉपची अर्थ आणि मिक्सरची अर्थ अशा दोन वाटा झाल्यात, आणि यूएसबीचा कचरा मधल्या वायरीच्या जाळीतून फिरतोय. अर्थिंगभाऊंचा लूप खरा होता, फक्त त्यात फिरणारी वस्तू वेगळी.

मिक्सर ते कार्ड या वायरीच्या जॅकवर काळ्या रिंगा किती? एक की दोन?

कृष्णाकाठ_सांगली:
एक.

रेघ_बघणारा:
मग दोन रिंगांची वायर घ्या. पण मिक्सरचं आउटपुट आणि कार्डाचं इनपुट दोन्ही बॅलन्स्ड असतील तरच उपयोग होईल, मॅन्युअल बघा. नसेल तर मधे आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. तोवर लॅपटॉप आणि मिक्सर दोन्हींचे प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डात लावून बघा, फुकटात थोडा फरक पडू शकतो.

अर्थिंग_भाऊ:
पिन काढली की तेच होतं, मी म्हटलं ते चुकलं कुठं?

रेघ_बघणारा:
आवाज जातो आणि माणूसही जाऊ शकतो.

कृष्णाकाठ_सांगली:
टकटक राहिली.

तंबोरा_मिरज:
फ्रीजचा रिले असेल. आमचा सुरू होताना असाच टिक्क करतो.

रेघ_बघणारा:
फेडर खाली केल्यावर गेली, तर ती बहुधा हवेतून माइकमध्येच येतेय. आता खिडकी उलटी लहान करा, `Window Size` 512. मोठ्या खिडकीने शिट्टी नेमकी सापडते, पण बारीक ठोके पसरट होतात. ५१२ ला साधारण १२ मिलीसेकंदाचा तुकडा मिळतो, ठोके सुटे दिसतात.

कृष्णाकाठ_सांगली:
सात-आठ उभ्या बारीक रेघा, एकापाठोपाठ, मग बराच वेळ काही नाही. प्रत्येकीच्या मागे धुरकट शेपूट आहे. पार वरपर्यंत जात नाहीत.

रेघ_बघणारा:
शेपूट म्हणजे खोलीचा घुमारा. फ्रीजच्या रिलेची विजेची ठिणगी वायरीतून आली असती तर तळापासून टोकापर्यंत एकच उभी रेघ मिळाली असती, शेपटीविना. हा आवाज खोलीतच झालाय. अशी रांग पालीची असते. भिंतीवर बघा.

सुगरण_विश्रामबाग:
पाल चुकचुकली तर अभंग खराच ठरतो, काढू नका!

तंबोरा_मिरज:
फ्रीज खोलीतच असेल तर रिलेचा टिक्क हवेतूनही येतो की.

रेघ_बघणारा:
येतो, पण एकदाच. सात-आठदा रांगेत नाही. तरी पक्कं सांगायचं तर फ्रीज बंद करून रात्री एकदा रेकॉर्ड करावं लागेल.

कृष्णाकाठ_सांगली:
एकाच बोर्डावर प्लग लावले, शिट्टी कमी झाली, गेली नाही. वायर उद्या गावभागातून आणतो. आधीच झालेल्या चार अभंगांचं काय?

रेघ_बघणारा:
शांत तुकड्याचा नमुना घेऊन `Noise Reduction` चालवा, ६ ते ८ डेसिबलच्या वर जाऊ नका, नाहीतर आवाज पाण्याखालून आल्यासारखा होईल. शिट्टी सतत सारखी आहे म्हणून जमेल. टकटक त्याने निघणार नाही, ती हाताने एकेक कापावी लागेल.

वाळव्याचा_पाटील:
माझ्या मोबाइलवरच्या रेकॉर्डिंगमध्ये 'टर्रर्र टर्रर्र' येतं, कॉल यायच्या आधी. इथेच विचारू की नवीन धागा काढू?