पंप ओढला म्हणजे डोपिंग का?

पर्वतीकर: परवा बालेवाडीला एक मुलगी शर्यतीआधी दम्याचा पंप ओढत होती. डॉक्टरची चिठ्ठी असली की उत्तेजक घ्यायची मोकळीक, हा कुठला न्याय?

सणसवरचा कोच: वीस वर्षं सणस मैदानावर मुलं पळवतोय, त्यामुळे हे वाचून राहवलं नाही. पंपात बहुधा सॅल्ब्युटामॉल असतं आणि त्याला चिठ्ठीही लागत नाही, फक्त माप पाळावं लागतं. २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅम आणि आठ तासांत ६०० च्या वर नाही. एका दाबात १०० येतं, म्हणजे आठ तासांत सहा दाब.

चिठ्ठीने भागत नाही ते पुढे. माझ्या एका मुलीला रात्री दम लागला. दवाखान्यात सॅल्ब्युटामॉलची वाफ दिली, कुपी अडीच मिलिग्रॅमची. म्हणजे एका बैठकीत २५०० मायक्रोग्रॅम! स्पर्धा नसतानाही डोपिंग तपासणीचा माणूस नमुना घ्यायला दारात येऊ शकतो, आणि लघवीत मिलिलिटरला १००० नॅनोग्रॅमच्या वर सापडलं की ते मापात ओढलेल्या पंपामुळेच आलं हे खेळाडूने सिद्ध करायचं. आम्ही दुसऱ्याच दिवशी टीयूईचा, म्हणजे बंदी असलेलं औषध उपचारासाठी घ्यायच्या परवानगीचा, अर्ज केला. जीव वाचवायला औषध आधी घेतलं तर अर्ज नंतर चालतो. केसपेपरवर वेळ आणि डोस लिहून घेतला, जुने फुंकणीचे, म्हणजे यंत्रात फुंकून श्वास मोजतात त्या चाचणीचे, रिपोर्ट जोडले. दमा खरा आहे का, चालणारं दुसरं औषध होतं का, बरं होण्यापलीकडे फायदा मिळतो का, हे डॉक्टरांची समिती बघते.

कोथरूडची आई: कागदाचं सोडा हो. माझ्या सतरा वर्षांच्या मुलाला अनोळखी माणसासमोर लघवी करायला लावली! ९० मिली हवी म्हणून बिचारा पाणी पीत राहिला, तर नमुना पातळ झाला म्हणून पुन्हा. तीन तास!

सणसवरचा कोच: ताई, बघणारा नसला तर दुसऱ्याची लघवी आणतात. अल्पवयीन असेल तर तुमच्यापैकी कुणी सोबत थांबू शकतं, हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. आणि पाणी भराभर प्यायचं नाही.

कोथरूडची आई: कुणी सांगितलं नाही. मी बाहेर बाकावर बसून होते!

एमआयटी रोड: दम्याची सगळी औषधं मापात चालतात, उगीच घाबरवू नका.

सणसवरचा कोच: चूक! खोकल्याच्या कितीतरी पातळ औषधांत टर्ब्युटालिन असतं. त्याला माप नाही, कायमच बंदी. सॅल्ब्युटामॉलसुद्धा गोळी किंवा सिरप म्हणून चालत नाही. बाटलीमागचं बारीक अक्षर वाचा.

एमआयटी रोड: बरं, सिरपचं मान्य. पण केमिस्ट सांगत नाही, डॉक्टर विचारत नाही, आणि बंदी मात्र पोराला. हे तरी बरोबर म्हणाल का?

पर्वतीकर: पंपाचं मागे घेतो. पण दम्याचा दाखला पैसे देऊन मिळतो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. समिती पुण्यात येऊन कुणाची छाती तपासणार आहे?

सणसवरचा कोच: छाती नाही, फुंकणीचा आलेख तपासतात. औषधाआधी किती, औषधानंतर किती. नुसता दाखला परत येतो. तरी कुणी फसवत नाही, असं मी म्हणणार नाही.

कोथरूडची आई: आणि त्या तीन तासांचं काय?